विनवणी नको, तारखा लिहा

*ताई, नमस्कार. भोसरी एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी सुपरवायझर आहे. 2004 साली ऑपरेटर म्हणून लागलो. आजवर अर्ज देऊन रजा घेतलेली नाही. कुणाचं लग्नकार्य असलं तर गुरुवारच्या सुट्टीत तोंड दाखवून यायचं, अंगात कणकण असली तर गोळी घेऊन शिफ्ट काढायची. वडील गेले तेव्हा साहेबच म्हणाले, "जाऊन ये." कागद काही झाला नाही. आता बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन 7 जुलैला ठरलंय. सांधाच बदलायचा आहे. मुलगी बेंगळुरूला असते, घरी दुसरं कोणी नाही. नवीन एचआर मॅडम म्हणतात, रीतसर अर्ज द्या. रोज रात्री कागद घेऊन बसतो आणि "माननीय महोदय"च्या पुढे हात चालत नाही. काय लिहू? अजून एक. दर जानेवारीला पगाराच्या स्लिपवर पीएल, म्हणजे भरपगारी रजा, 45 दिसते. इतक्या वर्षांत ती 45च्या वर का गेली नाही?*
*— एक सुपरवायझर, भोसरी*

नमस्कार.

तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते. त्याचं उत्तर कळलं की अर्ज लिहिणं सोपं जाईल.

तुम्ही ज्या काळात नोकरी केलीत त्यातला बहुतेक काळ कारखाने अधिनियम, 1948 हा कायदा लागू होता. त्याचं कलम 79 सांगतं की वर्षात किमान 240 दिवस काम केलेल्या कामगाराला, केलेल्या कामाच्या दर 20 दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा पुढच्या वर्षी मिळते. आठवड्याच्या आणि सणांच्या सुट्ट्या सोडून तुम्ही रोज हजर असता, म्हणजे वर्षाला सुमारे 300 दिवस भरतात. त्याची रजा झाली 15 दिवस. न घेतलेली रजा पुढच्या वर्षात जाते, पण पुढे नेलेली रजा 30 दिवसांच्या वर जाऊ शकत नाही. मागची 30 आणि नवीन 15 मिळून 45. डिसेंबर संपला की त्यातली 30 पुढे जाते आणि जानेवारीत नवीन 15 मिळून पुन्हा 45. म्हणजे पहिली काही वर्षं सोडली तर दर वर्षाअखेरीस तुमचे 15 दिवस गेले. तुमच्या कंपनीत जादा रजेचे पैसे देण्याचा नियम असेल तर ते पैसे मिळाले असतील. नसेल तर ते दिवस नुसतेच गेले.

याच कलमात एक अपवाद आहे आणि तो फार थोड्या लोकांना माहीत असतो. कामगाराने रजा मागितली आणि कंपनीने ती नियमाबाहेर जाऊन नाकारली, किंवा ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे दिलीच नाही, तर त्या नाकारलेल्या रजेला 30 दिवसांची मर्यादा लागत नाही. ती कितीही साठू शकते. पण त्यासाठी "मागितली होती" हे कागदावर दिसावं लागतं. जो कधी अर्जच देत नाही, त्याला कुणी काही नाकारलेलंही नसतं.

मी कित्येक वर्षं एका कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात होते. हीट ट्रीटमेंटला तुमच्यासारखेच एक सुपरवायझर होते. दरवर्षी गणपतीच्या आधी ते मॅनेजरच्या केबिनच्या दारात उभे राहायचे आणि विचारायचे, "साहेब, चार दिवस गावी जाऊन येऊ का?" साहेब वाईट नव्हते. ते म्हणायचे, "बघू, हे डिस्पॅच निघू दे." डिस्पॅच निघायचं, तोवर गणपतीही गेलेले असायचे. हे निवृत्त झाले तेव्हा हिशेब घेऊन आमच्या टेबलाशी आले आणि म्हणाले की मी दरवर्षी रजा मागत होतो, मला कधीच दिली नाही. मी त्यांच्यासमोर त्यांचं लीव्ह कार्ड उघडलं. मागणीच्या रकान्यात पानंच्या पानं कोरी. मॅनेजर बदलून गेलेले. आमच्या हातात द्यायला पुढे नेलेली 30 दिवसांची रजा आणि त्या वर्षीची रजा, एवढंच होतं. ते खोटं बोलत नव्हते हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, पण कार्डावर त्याचा काही उपयोग नव्हता.

म्हणून एचआर मॅडमनी रीतसर अर्ज मागितला यात तुम्ही अपमान मानू नका. त्यांनी तुमचं भलंच केलं आहे.

आता कायदा बदललाय, त्याबद्दलही सांगते. 21 नोव्हेंबर 2025 पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता, 2020 लागू झाली. तिच्यात 240 ऐवजी 180 दिवस काम पुरेसं आहे. 20 दिवसांमागे एक हे प्रमाण आणि 30 दिवसांची मर्यादा तीच राहिली, पण 30च्या वरच्या रजेचे पैसे मागण्याचा हक्क त्यात स्पष्ट दिला आहे. मात्र या संहितेत महिना 18,000 रुपयांहून जास्त वेतन घेणारा आणि देखरेखीचं काम करणारा माणूस कामगाराच्या व्याख्येत येत नाही. तुमचा पगार त्याहून जास्त असणार असं मी धरून चालते. मग तुमची रजा तुमच्या नेमणूकपत्रावर आणि कंपनीच्या रजा नियमांवर चालेल. बहुतेक कारखाने सुपरवायझरलाही कामगारांसारखाच पीएलचा नियम लावतात, आणि तुमच्या स्लिपवरचा 45चा आकडा तेच सांगतो. तरी अर्ज लिहिण्याआधी एचआरकडे जाऊन रजा नियमांची प्रत मागा आणि त्यात तीन गोष्टी बघा. पीएलसाठी किती दिवस आधी अर्ज द्यायचा, मंजुरीची सही कुणाची, आणि रजेच्या मधे किंवा शेवटी येणारी साप्ताहिक सुट्टी रजेत धरतात की नाही. जुन्या कायद्यात किमान 15 दिवस आधी अर्ज द्यायचा होता आणि सुट्ट्या रजेत धरायच्या नव्हत्या. तुमच्याकडेही बहुधा तेच असेल, पण स्वतःच्या डोळ्यांनी वाचून घ्या.

आता तारखा ठरवू. तुम्हाला "पंधरा दिवस तरी" असं मोघम लिहून चालणार नाही. सांधा बदलल्यावर रुग्णालयातून सहसा चार-पाच दिवसांत घरी सोडतात. खरं काम त्यानंतर सुरू होतं. वॉकर धरून चालवणं, संडासला उठवणं, दिवसातून दोन-तीनदा व्यायाम करून घेणं, रक्त पातळ ठेवण्याचं औषध वेळेवर देणं. टाके काढायला साधारण दोन आठवड्यांनी बोलावतात. ऑपरेशन मंगळवारी 7 जुलैला असेल तर टाके 20-21 जुलैच्या आसपास निघतील. आदल्या दिवशी तपासण्या आणि भरती असते, म्हणून रजा सोमवार 6 जुलैपासून घ्या आणि बुधवार 22 जुलैपर्यंत ठेवा. हे 17 दिवस होतात. त्यात 9 आणि 16 जुलै हे दोन गुरुवार येतात, ते वजा केले की रजा 15 दिवसांची. 23ला पुन्हा गुरुवार आहे. म्हणजे तुम्ही शुक्रवारी 24 तारखेला कामावर याल, सलग 18 दिवस घरी असाल, आणि खात्यातून 15च दिवस जातील. 45 मधून 15 गेले की 30 उरतात. यंदा वर्षाअखेरीस तुमचा एकही दिवस वाया जाणार नाही.

अर्ज लिहिताना हात अडतो त्याचं कारण मला वाटतं असं आहे की तुम्ही मनातून परवानगी नव्हे, माफी मागायला बसता. आमच्याकडे असे अर्ज यायचे. पहिल्या परिच्छेदात कंपनीचे उपकार, दुसऱ्यात इतक्या वर्षांची निष्ठा, तिसऱ्यात घरची सगळी दुखणी, आणि तारखा कुठेच नाहीत. मंजुरी देणाऱ्याला त्या अर्जातून काहीच ठरवता येत नाही, म्हणून तो बाजूला पडून राहतो. त्याला चारच गोष्टी कळायला हव्यात. कधीपासून कधीपर्यंत, खात्यात रजा आहे का, मागे काम कोण बघणार, आणि परत कधी येणार. "आजवर मी एकही रजा घेतलेली नाही" हे वाक्य तर मुळीच लिहू नका. ते लिहिलं की वाटतं, ही रजा बक्षीस म्हणून मागितली आहे. रजा तुमच्या खात्यात जमा आहे, तेवढं सांगितलं की पुरे.

मी असा लिहिला असता:

> दिनांक : 12 जून 2026
>
> प्रति,
> प्लांट मॅनेजर
> (प्रॉडक्शन मॅनेजर यांच्यामार्फत)
>
> विषय : 6 जुलै ते 22 जुलै 2026 या काळात 15 दिवसांची भरपगारी रजा मिळण्याबाबत
>
> महोदय,
>
> मी मशीन शॉपमध्ये सुपरवायझर म्हणून काम करतो. माझा टोकन क्रमांक ____ आहे.
>
> माझ्या पत्नीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया 7 जुलै 2026 रोजी ठरली आहे. तिची देखभाल करण्यास घरी दुसरे कोणी नाही. त्यासाठी मला सोमवार, 6 जुलै ते बुधवार, 22 जुलै 2026 या काळात 9 व 16 जुलैच्या साप्ताहिक सुट्ट्या वगळून 15 दिवसांची भरपगारी रजा (पीएल) मिळावी. गुरुवार, 23 जुलैची साप्ताहिक सुट्टी रजेला जोडून घेण्यास परवानगी असावी. शुक्रवार, 24 जुलै रोजी मी पहिल्या शिफ्टला हजर होईन.
>
> मे महिन्याच्या पगार स्लिपनुसार माझ्या खात्यावर 45 दिवस पीएल शिल्लक आहे.
>
> माझ्या गैरहजेरीत लाइन लीडर श्री. ____ शिफ्टचे काम पाहतील. कामाचा तपशील सोबत जोडला आहे. मटेरियल मागणी, गेट पास व ओव्हरटाइम स्लिपवर सही करण्याचा अधिकार त्यांना या काळापुरता लेखी द्यावा, ही विनंती.
>
> वैद्यकीय कारणाने शस्त्रक्रियेची तारीख बदलल्यास मी त्याच दिवशी लेखी कळवीन. त्यानुसार रजेच्या तारखा बदलून मिळाव्यात.
>
> मंजुरी लेखी कळवावी, ही विनंती.
>
> आपला विश्वासू,
> (सही, नाव, विभाग)
>
> सोबत : 1. रुग्णालयाचे पत्र 2. कामाचा तपशील

तारीख बदलण्याचं वाक्य उगाच घातलेलं नाही. अशा ऑपरेशनच्या आधी साखर वाढलेली निघाली, लघवीत जंतुसंसर्ग सापडला किंवा ताप आला, तर डॉक्टर तारीख पुढे ढकलतात. सांध्यात जंतू जाऊ नयेत म्हणून ते याबाबत फार कडक असतात. ऐनवेळी असं झालं आणि अर्जात सोय नसली, तर तुमची मंजूर रजा घरी बसून संपेल आणि खरी गरज पडेल तेव्हा दुसरा अर्ज घाईत द्यावा लागेल. रुग्णालयाचं पत्र मात्र फक्त तारखेपुरतं जोडा. पीएलसाठी आजाराचा पुरावा द्यावा लागत नाही, आणि बायकोचे रिपोर्ट ऑफिसच्या फायलीत जायचं काही कारण नाही.

लिहायचा मराठीत की इंग्रजीत, असा प्रश्न पडला असेल तर मराठीत लिहा. तुमच्या कंपनीत मोबाइलवर किंवा संगणकावर रजा भरायची पद्धत असेल तर तिथेही ह्याच तारखा भरा, पण कागद द्याच. त्या छोट्या चौकटीत सह्यांच्या अधिकाराची गोष्ट मावत नाही.

आता जोडायच्या त्या दुसऱ्या कागदाबद्दल. माझ्या मते तुमची रजा मंजूर होणार की नाही हे अर्जापेक्षा त्याच्यावर ठरेल. मॅनेजर "बघू" म्हणतो तेव्हा त्याच्या मनात तुमची रजा नसते. सोमवारी सकाळी पहिला पीस कोण पास करणार, हे असतं. इतकी वर्षं तुम्ही रोज आलात, त्यामुळे शॉपची निम्मी माहिती फक्त तुमच्या डोक्यात आहे. ती कागदावर उतरवा.

उदाहरणच घ्या. सकाळी थंड असलेल्या व्हीएमसी मशीनवर पहिल्या अर्ध्या तासात बोअरची खोली थोडी सरकते, कारण स्पिंडल गरम होताना लांबीने वाढतो. तुम्हाला हे माहीत असतं, म्हणून तुम्ही आधी वॉर्म-अप प्रोग्रॅम चालवता, किंवा पहिले काही पीस मोजून मगच ऑफसेट देता. नवा माणूस पहिल्याच पीसवर ऑफसेट देऊन मोकळा होतो. मशीन गरम झालं की खोली उलट्या बाजूला जाते आणि दुपारी रिजेक्शनचा ढीग लागलेला दिसतो. तुमच्या कागदावर प्रत्येक मशीनपुढे अशी एकेक ओळ हवी. कुठल्या मशीनला सकाळी काय करायचं, कुठल्या जॉबला इन्सर्ट किती पीसनंतर फिरवायचा, कुठल्या ऑपरेटरला कुठलं सेटिंग एकट्याने देऊ नये. जुलैमध्ये कुठल्या गेजचं कॅलिब्रेशन येतंय तेही लिहा, नाहीतर मुदत संपलेल्या गेजने माल मोजला जाईल आणि ग्राहकाचा माणूस तपासणीला आला की तेच पहिल्यांदा पकडेल. आणि शेवटी, लाइन लीडरने स्वतः काय ठरवायचं आणि कधी मशीन बंद करून क्वालिटीला बोलवायचं, याची रेघ स्पष्ट ओढा.

दोन पानांच्या वर जाऊ नका. त्याहून लांब असेल तर मशीनशेजारी उभं राहून कुणी वाचत नाही.

कागद देऊन थांबू नका. 29 जूनपासूनच्या आठवड्यात तुम्ही शॉपमध्ये असतानाच लाइन लीडरला शिफ्ट चालवू द्या. पहिला पीस त्याने मोजायचा, सही त्याने करायची. तुम्ही शेजारी उभे राहा, पण मायक्रोमीटर हातात घेऊ नका. त्याला कुठे अडतं ते त्या आठवड्यात दिसेल आणि ती ओळ कागदात वाढवता येईल. सह्यांचा अधिकारही त्याला 6 जुलैच्या आधी लेखी मिळालेला हवा. नाहीतर स्टोअरवाला त्याच्या सहीवर इन्सर्टचा डबा देणार नाही, आणि तुमचा फोन रुग्णालयात वाजेल.

फोनचंही आत्ताच ठरवा. "फोनवर केव्हाही उपलब्ध राहीन" असं अर्जात लिहायचा मोह तुम्हाला होणार, हे मी खात्रीने सांगते. लिहू नका. ते लिहिलंत की पगार रजेचा आणि काम शिफ्टचं असं होईल. लाइन लीडरला तोंडी सांगा की 6, 7 आणि 8 तारखेला फोन करायचा नाही, त्यानंतर संध्याकाळी सहाच्या सुमारास अर्धा तास बोलू. दिवसभराचे प्रश्न वहीत लिहून ठेव म्हणावं. त्यातले बरेचसे संध्याकाळपर्यंत त्याचे त्यालाच सुटलेले असतील.

अर्ज दोन प्रतींत न्या. एक द्या आणि दुसरीवर तारखेसह पोच घ्या, सही आणि शिक्का. देताना केबिनच्या दारात उभं राहू नका. आत जा, बसा आणि एवढंच सांगा, "साहेब, रजेचा अर्ज आणलाय, मागे काम कोण बघणार ते सोबत लिहिलंय."

साहेब चांगले असतील तर तिथेच सही करतील. "बघू" म्हणाले तर विचारा, "कधीपर्यंत कळेल?" आणि ती तारीख पोचप्रतीच्या मागे त्यांच्यासमोर लिहा. त्या तारखेपर्यंत उत्तर आलं नाही तर एचआरला दोन ओळींचं स्मरणपत्र द्या, अर्जाची तारीख घालून. तारीख मागेपुढे करायला सांगितलं, तर ऑपरेशनची तारीख डॉक्टरांनी दिली आहे, ती माझ्या हातात नाही, एवढं उत्तर पुरेसं आहे. नाकारलीच तर नकार कारणासह लेखी मागा, आणि तो कागद घरी नीट ठेवा. पण नीट तारखा असलेला, खात्यात शिल्लक असलेला आणि मागच्या कामाची सोय केलेला अर्ज माझ्या टेबलावरून नाकारून परत गेलेला मला आठवत नाही.

24 जुलैला हजर झालात की एचआरकडे जाऊन रजा खात्यात 15 दिवसच वजा झालेत ना, तीनही गुरुवार त्यात धरलेले नाहीत ना, हे बघा. जुलैच्या स्लिपवर पीएल 30 दिसली पाहिजे. आणि तिथेच असताना जादा रजेच्या पैशांचा नियमही विचारून घ्या, कारण येत्या जानेवारीत पुन्हा 14-15 दिवस जमा होतील, आणि टाके निघाले तरी बायकोला नीट पायऱ्या चढता येईपर्यंत फेरतपासणीला एखाददुसरा दिवस तुम्हाला लागणारच आहे.